साखर खाली आली आणि सुईत दोरा ओवता येईना. चष्मा आत्ताच बदलू का?

सुईदोरा

नमस्कार. मी सांगलीची, वय ४९. घरीच ब्लाउज आणि नऊवारी शिवून देते. डोळ्यांचा प्रश्न आहे आणि माझं पोट त्यावरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला लांबचा नंबर कधीच नव्हता. जवळचा हळूहळू वाढत प्लस १.७५ झाला होता. दिवाळीच्या सुमारास एकदम चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला. घरातले म्हणाले, चाळिशी उतरली, नशीबवान आहेस. पण त्याच दिवसांत स्टँडवर उभं राहिलं की समोरची गाडी मिरजेची की इस्लामपूरची, ते पाटी अगदी जवळ येईपर्यंत कळेना. चष्म्याच्या दुकानात गेले. मशीनवर दोन्ही डोळ्यांना लांबचा मायनस १.२५ निघाला. ४,८०० रुपये देऊन प्रोग्रेसिव्ह चष्मा केला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तहान आणि रात्रीचं सारखं उठणं असह्य झालं म्हणून रक्त तपासलं. उपाशीपोटी २६८, जेवणानंतर ३९२, तीन महिन्यांची ११.८. रात्रीचं इन्सुलिन आणि गोळ्या सुरू झाल्या. आज बारावा दिवस. उपाशीपोटीची साखर आता १२५-१३५ असते. अंगात ताकद आली आहे, झोप लागते.

पण डोळे! नवा चष्मा लावला की सगळं धुक्यात. काढला की लांबचं थोडं बरं, जवळचं मात्र काहीच नाही. काल काळ्या ब्लाउजला हूक लावताना सुईचं नाक दिसेना. शेवटी शेजारच्या मुलीकडून दहा सुया ओवून घेतल्या. दुसऱ्या दुकानात दाखवलं तर लांबचा प्लस १.५० आणि जवळचा प्लस ३.२५ सांगतात. दीड महिन्यात मायनसचा प्लस कसा होतो? जाऊबाई म्हणतात गोळ्यांची उष्णता डोळ्यांवर आली, इन्सुलिन बंद कर. लग्नाचे अकरा ब्लाउज हातात आहेत. नवा चष्मा करू का?

मंदार_पुणे

ताई, घाबरू नका, माझंही असंच झालं होतं. साखर डोळ्यात गेली की धूसर दिसतं, साखर नॉर्मल झाली की दिसायला लागतं. पंधरा दिवस थांबा आणि मग चष्मा करा. मी तसंच केलं.

नेत्रा

सुईदोरा ताई, मी कोल्हापूरला ऑप्टोमेट्रिस्ट आहे, अठरा वर्षं नंबर काढते. तुमच्यासारखे पेशंट दर महिन्याला एक-दोन तरी येतात.

आधी महत्त्वाचं. इन्सुलिन आणि गोळ्या बंद करू नका. औषध सुरू झाल्यावर डोळे बिघडले म्हणून औषध सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची साखर पुन्हा ३५०वर जाते, नंबर पुन्हा मायनसकडे सरकतो आणि त्यांना वाटतं, बघा, बंद केल्यावर बरं झालं.

डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. ते भोवतालच्या पाण्यातून साखर घेतं. रक्तात साखर वाढली की त्या पाण्यात वाढते आणि भिंगातही शिरते. आत गेल्यावर तिच्यातल्या काही भागाचं सॉर्बिटॉल होतं आणि ते पटकन बाहेर पडत नाही. तुमचं भिंग कित्येक आठवडे असं साखरेने भरलेलं होतं. मग औषधाने रक्तातली साखर आठवड्याभरात निम्म्यावर आली. बाहेरचं पाणी साधं झालं, आत मात्र साठा तसाच. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात ना, तसं पाणी भिंगात शिरतं. फुगलं की ते जास्त गोल होऊन मायनस यायला हवा असं कुणालाही वाटेल. पण आत पाणी वाढल्याने भिंगाची प्रकाश वळवण्याची ताकद उतरते आणि तोच परिणाम वरचढ ठरतो. म्हणून प्लस.

आधी मायनस का आला, यावर जाणकारांचंही एकमत नाही. साखर चढलेली असताना बहुतेकांचा नंबर मायनसकडे जातो, काहींचा प्लसकडेही जातो. उपचार सुरू झाल्यावर प्लसकडे जाणं मात्र नेहमीचंच.

आता तुमचेच आकडे बघा. जवळचं वाचायला तुम्हाला प्लस १.७५ लागायचा. डोळ्यात १.२५चा मायनस आला तेव्हा त्यातला बराचसा प्लस फुकटात मिळाला, म्हणून पेपर बिनचष्म्याचा दिसला. आज लांबचा प्लस १.५० आहे. त्यात जवळचे १.७५ मिळवा, ३.२५. म्हणजे दोन्ही दुकानांनी काढलेले नंबर त्या-त्या दिवशी बरोबरच असणार. तुम्ही आज तो मायनसचा चष्मा लावता तेव्हा डोळ्याला हवं त्यापेक्षा २.७५ इतकं उलट्या दिशेला जाता, म्हणून धुकं. मला राग येतो तो एवढ्याचाच, की ४९व्या वर्षी अचानक मायनस निघालेल्या बाईला पहिल्या दुकानात कुणी साखर तपासली का एवढंही विचारलं नाही. या वयात चाळिशी आपोआप उतरली तर साखर तपासायची आणि मोतीबिंदू सुरू झालाय का ते बघायचं.

हा प्लस साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो, म्हणजे तुम्ही आत्ता शिखरावर आहात. मग तो हळूहळू उतरतो. कुणाला महिना लागतो, कुणाला दोन, क्वचित तीन. साखर जितकी जास्त होती आणि जितकी झपाट्याने उतरली, तितका फरक मोठा. म्हणून आज चष्मा केलात तर तोही वाया जाईल.

सुईदोरा

नेत्राताई, वाचून रडूच आलं. मला वाटलं होतं डोळे गेले. पण दोन महिने मी काय करू? ब्लाउज तर द्यायचेच आहेत.

नेत्रा

त्यासाठी साधे तयार चष्मे मिळतात ना, दोनशे-तीनशे रुपयांचे, ते घ्या. तुमचे दोन्ही डोळे सारखे आहेत म्हणून चालतील. मशीनवर शिवताना कापड डोळ्यापासून सव्वा-दीड फुटावर असतं, वाचताना पुस्तक त्याहून जवळ धरतो. म्हणून ३.२५ऐवजी ३.०० घ्या आणि दुकानात सुई-दोरा नेऊन ओवून बघा. आणखी तीन आठवड्यांनी तो जड वाटायला लागेल, काम मागे सरकवून धरावंसं वाटेल. तेव्हा २.५० घ्या. प्रोग्रेसिव्ह, कोटिंग, महागडी फ्रेम यातलं काहीही आत्ता नको.

लांबचं बिनचष्म्याने चालवा. थोडा ताण येईल, संध्याकाळी कपाळ दुखेल. गाडी चालवत असाल तर सध्या नको, निदान रात्री तरी नको.

आणि एक गोष्ट मात्र थांबवायची नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्या. नंबर थांबू शकतो, पडद्याची तपासणी थांबू शकत नाही. साखर सापडली तेव्हा ती आत किती वर्षं होती कोण सांगणार? शिवाय साखर फार वेगाने खाली आली की आधीपासून पडद्यावर असलेला बिघाड काही काळ वाढू शकतो. ते डॉक्टरांना माहीत असतं, ते त्याप्रमाणे पुढची तारीख देतात. थेंब टाकले की चार-पाच तास जवळचं दिसत नाही, त्या दिवशी शिवायचं काम ठेवू नका आणि कुणाला तरी सोबत न्या.

वर्धेकर_काका

माझा अनुभव सांगतो. मी इन्सुलिन घेतो, अकरा वर्षं झाली. दुपारी जेवायला उशीर झाला की डोळ्यासमोर सगळं पुसट होतं, एकाचे दोन दिसतात, घाम सुटतो, हात थरथरतात. दोन चमचे साखर पाण्यात घेतली की पाच-दहा मिनिटांत स्वच्छ. म्हणजे साखर कमी झाल्यावरही भिंग फुगते काय? मग माझाही नंबर रोज बदलतो असं समजायचं?

नेत्रा

काका, तुमचं वेगळं आहे. ते भिंगाचं नाही, मेंदूला साखर कमी पडल्याचं लक्षण आहे. भिंगात पाणी शिरायला आणि बाहेर पडायला दिवस लागतात, पाच मिनिटांत ते काही करत नाही. तुमचा नंबर बदलत नाही, त्यामुळे चष्म्याने हे जाणारही नाही. त्या क्षणी मीटरवर साखर बघा, किती आहे ते लिहून ठेवा आणि इन्सुलिन देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. डोस किंवा जेवणाची वेळ बदलावी लागेल. असं होत असताना गाडीवर असाल तर आधी बाजूला थांबा.

मंदार_पुणे

पण मला जेवणानंतर दर वेळी धूसर दिसतं. जेवणानंतर माझी साखर २१०-२२०पर्यंत जाते आणि तासाभरात डोळे जड. हे साखरेचंच आहे, मला खात्री आहे. मग दिवस लागतात कसे म्हणता?

नेत्रा

मंदार, जेवणानंतर नंबर अगदी किंचित हलू शकतो, पण २१०ला तासाभरात धूसर होण्याइतका सहसा नाही. जेवणानंतर तुम्ही काय करता?

मंदार_पुणे

ऑफिसात लॅपटॉप. एसी डोक्यावरच आहे.

नेत्रा

मग पापण्या मिटून वीस सेकंद बसा, पाच-सहा वेळा पूर्ण मिटून उघडा आणि पुन्हा बघा. तेवढ्याने स्वच्छ झालं तर कोरडेपणा आहे. मधुमेहात तोही जास्त दिसतो. पापणी लवल्यावर सुधारणारी धूसरता भिंगाची नसते.

पंधरा दिवसांचंही सांगते. तुमची साखर किती होती आणि कितीवर आली?

मंदार_पुणे

१९० होती, १३५ झाली. आणि हो, पापण्या मिटल्यावर खरंच बरं वाटलं. पण पूर्ण नाही, थोडं उरतंच. मला अजूनही वाटतं त्यात साखरेचा भाग आहे.

नेत्रा

असू शकेल, इथे बसून मी नाही म्हणणार नाही. पण १९०वरून १३५ हा लहानसा उतार आहे, त्याला पंधरा दिवस पुरले. ताईंच्या बाबतीत पंधरावा दिवस म्हणजे सर्वांत चुकीचा दिवस ठरला असता. म्हणून मी दिवस मोजायला सांगत नाही. महिना-दीड महिना साखर एका पट्ट्यात राहिली पाहिजे आणि मग दोन आठवड्यांच्या अंतराने काढलेले दोन नंबर जुळले पाहिजेत. पाव नंबरचा फरक चालतो. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी काढा आणि त्या दिवशीची साखर कागदावर लिहून न्या.

आजोळ_चिपळूण

ताई, माझ्या आईचंही हेच चाललंय. वय ७१, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून चार वर्षं झाली. साखर कधी १५० कधी २८०. गेले दोन महिने उजव्या डोळ्याने पुसट दिसतंय. मग साखर स्थिर होईपर्यंत थांबून चष्मा करायचा ना?

नेत्रा

नाही, कृपया थांबू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये मूळ भिंग काढून कृत्रिम बसवतात. ते साखरेने फुगत नाही. या धाग्यातलं भिंगाचं सगळं गणित आईंना लागूच नाही. त्यांना पुसट दिसण्याचं कारण कृत्रिम भिंगामागची पिशवी धुरकट होणं असू शकतं, त्याला लेझर आहे. किंवा पडद्याच्या मध्यभागी सूज असू शकते आणि मधुमेहात ती वेळेत पकडावी लागते. शिवाय एकाच डोळ्याला आहे. साखरेने नंबर हलतो तेव्हा दोन्ही डोळ्यांचा जवळपास सारखा हलतो. या आठवड्यातच पडदा तपासून घ्या.

आजोळ_चिपळूण

बरं झालं विचारलं. सोमवारची वेळ घेते.

माणदेशी

मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांनी डाव्या डोळ्याचं असंच "साखरेमुळे होतंय, कमी झाली की जाईल" म्हणत सात महिने काढले. मध्ये दोनदा चष्मा बदलला. दाराची चौकट वाकडी दिसते असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो. पडद्याला सूज होती. इंजेक्शनं दिली, थोडं परत आलं, वाचण्यापुरतं नाही आलं. घरी बसून काही ओळखता येतं का, की हे साखरेचं आहे की पडद्याचं?

नेत्रा

तुमच्या वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. चौकट वाकडी दिसणं हीच खूण होती, आणि ती माहीत नसणं हा तुमचा दोष नाही.

घरी अंदाज घेता येतो, निदान नाही. जाड पत्रिकेच्या कागदाला दाभणाच्या टोकाने साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडा. भिंतीवरचं कॅलेंडर दहा फुटांवरून बघा, एक डोळा तळहाताने झाकून, आधी नुसतं आणि मग त्या भोकातून. भोकातून आकडे स्पष्ट झाले तर घोटाळा बराचसा नंबरचा आहे. काहीच फरक पडला नाही किंवा आणखी अंधूक झालं तर नंबरपलीकडचं काहीतरी आहे. मग खिडकीचे गज बघा, पुन्हा एकेका डोळ्याने. गज वाकलेले दिसले किंवा मध्येच तुटले तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगायला लागली, विजेसारखं चमकलं, बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तरी त्याच दिवशी.

मात्र भोकातून स्पष्ट दिसलं म्हणून पडदा चांगला आहे असं कधीही समजू नका. पडद्यावर सुरुवातीचा बिघाड असतो तेव्हा दिसायला काहीच कमी होत नाही.

सुईदोरा

(दहा दिवसांनी)

आज थेंब टाकून तपासून आले. पडद्यावर दोन्हीकडे थोडे लाल ठिपके आहेत, मध्यभागी सूज नाही. साखर वेगाने उतरली म्हणून वर्ष न थांबता चार महिन्यांनी परत बोलावलं आहे. कागदाच्या भोकातून बघायचंही केलं, कॅलेंडरवरची एकादशीसुद्धा वाचता आली. तीनचा चष्मा दोनशे वीस रुपयांना आणला. सुई ओवली गेली. सहा ब्लाउज झाले.

सुईदोरा

(साखर सापडल्यापासून अकरावा आठवडा)

तुम्ही सांगितलं तसं वहीत लिहीत गेले, इथे उतरवते. दोन्ही डोळ्यांचे आकडे सारखेच होते.

बारावा दिवस, लांबचा प्लस १.५०. पाचवा आठवडा, प्लस ०.७५, तेव्हा तीनच्या चष्म्याने कापड लांब धरावं लागायला लागलं होतं म्हणून २.५० आणला. नववा आठवडा, प्लस ०.२५. काल, पुन्हा प्लस ०.२५, जवळचा मिळून २.००. उपाशीपोटीची साखर गेले सहा आठवडे ११० ते १३०च्या आत आहे.

घरी येऊन मशीनच्या खणातून माझा जुना १.७५चा चष्मा काढला आणि लावला. त्यानेच बऱ्यापैकी दिसतंय, फक्त काळ्यावर काळा दोरा असला की कमी पडतो. आता चष्मा करू का? आणि प्रोग्रेसिव्ह की नुसता जवळचा? तो मायनसचा तसाच पडून आहे.

नेत्रा

नंबर जुळले, साखर टिकली, आता करा. पाव प्लस लांबला लावायची गरज वाटत नाही. मी तुमच्या जागी असते तर मशीनच्या अंतराला २.००चा नुसता जवळचा केला असता, मोठ्या काचेचा. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा भाग खाली आणि अरुंद असतो, कापड फिरवताना मान वाकवावी लागते. मायनसच्या चष्म्याची फ्रेम चांगली असेल तर तीच घेऊन जा, काचा फक्त बदलून मिळतील. पावती घेऊन जा आणि सगळं सांगून बघा, काहीजण काचांत सूट देतात.

मंदार_पुणे

मला प्रोग्रेसिव्हच बरा वाटतो, सारखा काढा-घाला नको. पण मी शिवत नाही.

वर्धेकर_काका

मीटरवर बघितलं. त्या वेळी ५८ होती. डॉक्टरांनी सकाळचा डोस कमी केला.

सुईदोरा

काका, बरं झालं तपासलंत. नेत्राताई, फ्रेम घेऊन उद्या जाते. एक विचारायचं राहिलं. डॉक्टर म्हणाले पुढच्या महिन्यात इन्सुलिन बंद करून नुसत्या गोळ्यांवर आणू. तेव्हा परत नंबर हलेल का?

नेत्रा

साखर आहे तिथेच राहिली तर हलायचं कारण नाही. बदलाच्या पहिल्या तीन आठवड्यांत साखर जरा जास्त वेळा तपासा आणि स्टँडवरच्या पाट्यांकडे लक्ष ठेवा. मिरज-इस्लामपूर पुन्हा पुसट व्हायला लागलं तर चष्म्याच्या दुकानाआधी मीटर काढा.